नवऱ्यामागे जमिनीतला हक्क, आणि दुसऱ्या लग्नानंतर त्याचं काय होतं

"लग्न करून गेलीस तर इथलं काही मिळायचं नाही." नवऱ्याचं तेरावं उरकलं की बऱ्याच बायकांना हे वाक्य ऐकवलं जातं. ऐकवणारा दीर असतो, चुलत सासरा असतो, कधी माहेरचाच कुणी जाणता माणूस असतो आणि तो ते भलं व्हावं म्हणून सांगतो. मी तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करते. या एका वाक्यापायी तिशीत विधवा झालेल्या बायकांनी दहा-दहा वर्षं लग्नाचा विचार झटकलेला मी पाहिला आहे. काहींनी लग्न केलं आणि जमिनीकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही. आता काही मागायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

हिंदू वारसा कायद्यापुरतं या वाक्याचं उत्तर सरळ आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तुमच्या वाट्याला आलेली मालमत्ता दुसऱ्या लग्नाने जात नाही. तसं का, कागदावर ते कसं आणायचं आणि लग्नाने खरोखर काय थांबतं, हे पुढे क्रमाने सांगते. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. अनुसूचित जमातींना तो थेट लागू होत नाही. त्यांच्या बाबतीत रूढीचा प्रश्न येतो, म्हणून आदिवासी ताईंनी त्यांची प्रकरणं चालवलेल्या वकिलाकडेच जावं.

हक्क कोणत्या क्षणी मिळतो

नवऱ्याने मृत्युपत्र केलं नसेल, तर तो ज्या क्षणी वारला त्याच क्षणी त्याची मालमत्ता वारसांची झाली. तलाठ्याने नोंद केली की मग झाली, असं नाही. पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई. हे सगळे एकाच वेळी आणि सारख्या हिश्शाने घेतात. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं असतील, तर त्यांच्या शाखेलाही एक हिस्सा जातो. सासरा जिवंत असला तरी तो या पहिल्या वर्गात नाही. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बाईला मिळालेली अशी मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची असते. ती हयातीपुरती नसते, सासरी राहीपर्यंतचीही नसते. नवरा वारला तेव्हा तुम्ही त्याची विधवा होता की नाही, एवढंच पाहिलं जातं. पुढे तीन वर्षांनी तुम्ही कुणाशी लग्न केलं, याचा त्या दिवशी मिळालेल्या मालकीशी संबंध राहत नाही. बापाच्या जमिनीत हिस्सा मिळालेल्या मुलाने लग्न केलं म्हणून कुणी त्याचं नाव कमी करत नाही. तसंच हे आहे.

मग ते वाक्य आलं कुठून? ते निव्वळ खोटं नव्हतं, जुनं झालं आहे. 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, त्याने विधवेच्या लग्नाला मान्यता दिली. पण त्याच कायद्याच्या कलम 2 ने सांगितलं की लग्न केल्यावर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क ती मेली असं धरून संपेल. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. पणजीच्या काळापासून गावात जे ऐकत आलो, ते हे कलम आहे. 17 जून 1956 ला वारसा कायदा लागू झाला आणि त्याच्या विरोधात जाणाऱ्या जुन्या तरतुदी निष्प्रभ झाल्या. 1856 चा कायदा 1983 मध्ये रीतसर रद्दही झाला. तरी वाद चालूच राहिले. 2008 मध्ये केरळमधल्या चेरोट्टे कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 1956 नंतर विधवेला मिळालेला वारसा पुनर्विवाहामुळे काढून घेता येत नाही. कुणी घरात किंवा तलाठी कार्यालयात वाद घालू लागलं, तर कलम 14 आणि हा निकाल एवढी दोन नावं लक्षात असू द्या.

पहिली पायरी: जमीन नवऱ्याची स्वतःची की वडिलोपार्जित

इथे घाई करू नका, कारण हिस्सा किती हे यावर ठरतं आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते.

एक उदाहरण घेऊ. ताईला आपण मंदा म्हणू. नवरा वारला, मागे मंदा, एक मुलगा, एक मुलगी आणि सासू. नवऱ्याच्या नावावर चार एकर, म्हणजे 160 गुंठे. ही जमीन नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेली असेल, तर चार वारसांना चार सारखे हिस्से: प्रत्येकी 40 गुंठे. मंदाला 40.

आता तीच जमीन नवऱ्याला भावांबरोबरच्या वाटणीत मिळालेली, म्हणजे वडिलोपार्जित असेल, तर हिशोब दोन टप्प्यांत होतो. नवरा वारण्याच्या अगदी आधी घरात वाटणी झाली असती तर कुणाला काय मिळालं असतं, हे आधी धरायचं. त्या वाटणीत नवरा, मुलगा आणि मुलगी तर येतातच. आपल्याकडच्या परंपरेत बाप आणि मुलांची वाटणी झाली की बायकोलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणून चौघांना 40-40 गुंठे. मग फक्त नवऱ्याच्या वाट्याचे 40 गुंठे वारसांत जातात: मंदा, मुलगा, मुलगी, सासू, प्रत्येकी 10. मंदाचे झाले 50, मुलांचे प्रत्येकी 50, आणि सासूचे 10.

हा दोन टप्प्यांचा हिशोब सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या प्रकरणात पक्का केला. आजही बऱ्याच घरांत विधवेला फक्त दुसऱ्या टप्प्यातला तुकडा दाखवून "एवढाच तुझा" असं सांगितलं जातं. मंदाला 50 च्या जागी 10 दाखवले जातात. कुणी हिस्सा सांगितला की पहिलं विचारा, वाटणी धरून माझा वेगळा हिस्सा मोजला आहे का?

मृत्युपत्र असेल तर? नवरा स्वतःची कमाई आणि वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्सा कुणालाही देऊ शकतो. वरच्या उदाहरणातले पहिले 40 गुंठे मात्र मंदाचेच राहतात, कारण ते नवऱ्याचे नव्हतेच.

दुसरी पायरी: कागद गोळा करणं

कागद सासरच्या कपाटात असतात आणि मागितले की कटकट होते. म्हणून मागूच नका, सरकारकडून काढा. सातबारा आणि 8अ चा उतारा तलाठी कार्यालयात, सेतूत किंवा bhulekh.mahabhumi.gov.in वर पाहता येतो. गाव आणि नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं आडनाव एवढ्यावर शोध लागतो. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 घ्या आणि शहरातल्या जागेसाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका.

सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव नसेल तर लगेच खचू नका. पुष्कळ ठिकाणी थोरल्या भावाचं नाव आणि पुढे "एकत्र कुटुंब मॅनेजर" किंवा त्याचं छोटं रूप "ए.कु.मॅ." लिहिलेलं असतं. याचा अर्थ ती जमीन त्या भावाच्या एकट्याची नाही, तो सगळ्यांच्या वतीने पाहतो. नावासमोर गोलात जो आकडा असतो तो फेरफाराचा नंबर. त्या फेरफाराची नक्कल काढा. जमीन कुटुंबात कशी आली आणि कुणाचं नाव कधी व कोणत्या कारणाने कमी झालं, हे तिथे लिहिलेलं असतं.

नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन-चार प्रती काढून ठेवा. लग्नाची नोंद, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, आधार हे सगळं माहेरी किंवा विश्वासाच्या घरी ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, "झेरॉक्स काढून आणतो" म्हणाला तरी.

तिसरी पायरी: वारस नोंद

तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. सरकारच्या ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. कायद्याने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. चार वर्षं झाली असतील तरी अर्ज करा. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, नातं, पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. सगळ्या म्हणजे सगळ्या. सासूशी बोलणं बंद असलं तरी तिचं नाव लिहा. वारस लपवला की तुमचीच नोंद अडकते.

तलाठी ते वारस रजिस्टरला, म्हणजे नमुना 6क ला घेतो. चौकशी होते, मंडळ अधिकाऱ्याचा आदेश होतो आणि मग फेरफार धरला जातो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते. कुणी हरकत घेतली, तर तिची पोच मिळते आणि सुनावणी लागते. त्या तारखेला हजर राहा. "ती लग्न करून गेली आहे" ही हरकत आली तर लेखी उत्तर द्या: नवरा अमुक तारखेला वारला, त्या दिवशी मी त्याची विधवा होते, कलम 14 प्रमाणे हिस्सा माझा पूर्ण मालकीचा आहे.

चूक बहुतेक वेळा अशी होते की अर्ज दीर करतो आणि वारसांच्या यादीत फक्त सासू व मुलगा लिहितो. तुम्ही माहेरी असता, नोटीस सासरच्या पत्त्यावर जाते, 15 दिवस निघून जातात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सातबारा ऑनलाइन पाहायची सवय लावा. नाव वगळून नोंद झालीच असेल, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येतं. मुदत टळली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागतो. आणि अपील हरलं तरी दिवाणी कोर्टाचा दरवाजा उघडाच असतो, कारण फेरफार ही महसुलाची नोंद आहे. ती मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही.

वारस नोंदीने नावं चढतात, पण कुणाचे किती गुंठे आणि कोणत्या बाजूचे हे ठरत नाही. ते वाटपाने ठरतं. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडून वाटप होतं, नाहीतर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. सामायिक जमीन एकट्या दिराच्या ताब्यात असली तरी कायद्याने तो ताबा सगळ्या सहहिस्सेदारांच्या वतीने धरतात. नुसती 12 वर्षं कसली म्हणून जमीन त्याची होत नाही. पण त्याने उघडपणे तुमचा हक्क नाकारला, "तुझं काही नाही" असं लिहून कळवलं, तर मात्र वेळ दवडू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही समिती कोर्टाच्या आवारातच असते.

चौथी पायरी: सही कशावर करायची नाही

माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत हक्क कायद्याने गेल्याचं क्वचितच दिसलं. बहुतेक वेळा तो सहीने गेला होता. दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली की सासरकडून एक कागद येतो, "नुसती फॉर्मॅलिटी आहे, दुय्यम निबंधकाकडे एकदा यावं लागेल." तो कागद हक्कसोडपत्र असतो. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मोडायचं तर फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तोही कठीण जातो, कारण निबंधकासमोर तुमचा फोटो आणि अंगठा घेतलेला असतो.

नुसत्या शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर लिहून घेतलेलं हक्कसोडपत्र वेगळं. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवलेला असावा लागतो. तसला कागद झाला असेल तर सगळं संपलं असं समजू नका.

मुलं लहान असतील तर त्यांचा हिस्सा तुम्ही सोडू शकत नाही. वडिलांमागे तुम्ही त्यांच्या नैसर्गिक पालक आहात. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं लिहिलं जातं, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. दुसरं लग्न केल्याने हे पालकत्व आपोआप जात नाही. पण मुलांच्या नावावरची जमीन विकायची, गहाण टाकायची तर जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीविना केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं.

लग्नाच्या आधी करून घ्यायचं काम

लग्नानंतरही वारस नोंद होते, हे आधी सांगितलंच. तरी शक्य असेल तर ती आधीच करून घ्या. त्याचं कारण निव्वळ कागदी आहे. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आधार या सगळ्यांवर तुमचं पहिल्या सासरचं नाव असतं आणि ते एकमेकांशी जुळतं. लग्नानंतर आधारवर नवं आडनाव आलं, की तीच बाई असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. ते झालंच असेल तर दुसऱ्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर काम होतं. आडनाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या लग्नाने खरोखर काय थांबतं

हेही स्वच्छ माहीत असायला हवं. पोटगी थांबते. विधवा सुनेला सासऱ्याच्या ताब्यातल्या सामायिक मालमत्तेतून पोटगी मागता येते, ती पुनर्विवाह झाला की संपते. नवरा खासगी कंपनीत कामाला होता आणि भविष्य निर्वाह निधीची विधवा पेन्शन चालू असेल, तर तीही लग्नाच्या तारखेपासून बंद होते. मुलांचा हक्क मात्र राहतो आणि त्यांची पेन्शन उलट वाढीव दराने मिळू शकते. त्यासाठी लग्नाची माहिती त्या कार्यालयाला वेळेवर कळवा. सरकारी नोकरीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम त्या त्या खात्याचे असतात, ते तिथून लेखी घ्या. मिळालेली जमीन वेगळी आणि दरमहा मिळणारा आधार वेगळा. गावात या दोन्हींची गल्लत होते.

दुसरी अवघड जागा सासऱ्याची. नवरा आधी वारला आणि सासरा हयात आहे, जमीन सासऱ्याच्या स्वतःच्या कमाईची आहे. तिच्यात आज तुमचा काहीच हक्क नाही. सासरा मृत्युपत्राविना वारला तर नवऱ्याच्या शाखेला एक हिस्सा मिळतो आणि तो तुमच्यात व मुलांत सारखा विभागतो. पण सासरा वारण्याआधीच तुम्ही दुसरं लग्न केलेलं असेल तर? पूर्वी कलम 24 अशा सुनेला स्पष्टपणे बाद करत होतं. 9 सप्टेंबर 2005 पासून ते कलम काढून टाकलं आहे. तरी समोरचा वकील म्हणतोच की जिने लग्न केलं ती आता त्या मुलाची विधवा उरली नाही. इथे लग्नाची तारीख खरोखर वादाचा मुद्दा होते. अशी परिस्थिती असेल तर लग्नाआधी वकिलाला भेटा. मुलांच्या हिश्शाला मात्र तुमच्या लग्नाने धक्का लागत नाही.

गोव्यातल्या ताईंचं गणित वेगळं आहे. तिथे लग्नाबरोबरच बहुधा मालमत्ता सामायिक होते, त्यामुळे निम्मा वाटा आधीच बायकोचा असतो आणि वारसा उरलेल्या निम्म्याचा होतो. मुस्लिम कायद्यात विधवेला मुलं असतील तर आठवा आणि नसतील तर चौथा हिस्सा मिळतो आणि तोही पुढच्या लग्नाने परत जात नाही.

तुमच्यामागे ती जमीन कुणाची

याबद्दल कुणी बोलत नाही, आणि सासरच्या माणसांच्या मनातली खरी भीती बहुतेक वेळा हीच असते. तुम्ही मृत्युपत्राविना वारलात आणि मूल नसेल, तर पहिल्या नवऱ्याकडून आलेली जमीन दुसऱ्या नवऱ्याला जात नाही, पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे परत जाते. पण मूल असेल तर तुमची सगळी मुलं, पहिल्या लग्नाची आणि दुसऱ्या लग्नाची, आणि त्यांच्याबरोबर दुसरा नवराही, सारखे वाटेकरी होतात. मंदाने लग्न केलं आणि दुसऱ्या घरी एक मूल झालं, तर तिच्या 50 गुंठ्यांचे चार वाटे पडतील, साडेबारा-साडेबारा गुंठ्यांचे.

पहिल्या नवऱ्याची जमीन त्याच्याच मुलांना मिळावी असं वाटत असेल, तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण जमिनीच्या बाबतीत ती करून घ्या. सर्व्हे नंबर, गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा. मग सासूला किंवा दिराला ती नक्कल दाखवायला हरकत नाही. माझ्यासमोर दोन घरांत वारस नोंदीवरची हरकत अशी नक्कल दाखवल्यावर मागे घेतली गेली.